शेजारच्या टेबलावरचा अबोला

‘मी ३१ वर्षांची आहे. नाशिकमधल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात चार वर्षं काम करते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. पहिली तीन वर्षं आमचं छान जमायचं, डबा एकत्र खायचो. जूनमध्ये साहेबांनी जीएसटी रिटर्नचं काम त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिलं. तेव्हापासून टोमणे सुरू झाले. कोणी काही विचारायला आलं की माझ्याकडे न बघता म्हणतात, “आम्हाला काय विचारता, आता मॅडम आहेत ना!” गेले तीन आठवडे तर बोलणंच बंद आहे. कागद टेबलाच्या कडेवर ठेवून निघून जातात, बाकी सगळ्यांशी मात्र हसून बोलतात. खरेदीची बिलं त्या एन्टर करतात. गेल्या महिन्यात दोन बिलं मला २० तारखेनंतर कळली. “काय झालं?” असं एकदा विचारलं तर “कुठे काय!” म्हणाल्या. त्यांना माझा मत्सर वाटतो हे उघड आहे. मीही ठरवलं की दुर्लक्ष करायचं, पण रोज सकाळी पोटात गोळा येतो. साहेबांकडे तक्रार करू की टेबल बदलून मागू?’

तुमच्या पोटातला गोळा खरा आहे, हे आधी सांगते. ‘एवढं काय मनावर घ्यायचं, ऑफिसातलं ऑफिसात’ असं घरी कोणी म्हणालं असेल, तर ते म्हणणाऱ्याला अबोल्याचा त्रास कसा होतो हे ठाऊक नाही. किपलिंग विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपलं बरंच आयुष्य याच एका प्रश्नाच्या अभ्यासात घालवलं. सुरुवात साधी होती. ते बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसं एकमेकांकडे फ्रिस्बी फेकत होती. ती यांच्यापाशी येऊन पडली, यांनी परत फेकली, आणि त्या दोघांनी यांनाही खेळात घेतलं. थोड्या वेळाने काही न बोलता त्यांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. एवढ्याशा गोष्टीचं त्यांना इतकं लागलं की त्यावरून त्यांनी पुढे संगणकावरचा चेंडूफेकीचा खेळ तयार केला. त्यात दोन-चार फेकी मिळाल्यावर तुमच्याकडे चेंडू येणं थांबतं. समोरचे खेळाडू अनोळखी, खेळ काही मिनिटांचा, तरी माणसाचं मन पडतं आणि आपण कोणाच्या खिजगणतीत नाही असं वाटू लागतं. समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतोय, असं आधी सांगितलं तरी लागायचं ते लागतंच. तुम्ही तर ज्या बाईंबरोबर तीन वर्षं डबा खाल्ला त्यांच्या शेजारी, चार फुटांवर, दिवसभर बसता आहात.

पण अबोल्यात आणखी एक गोष्ट होते. भांडणात निदान शब्द असतात, त्यांना उत्तर देता येतं. अबोल्यात मजकूरच नसतो, म्हणून तो मजकूर आपण भरतो. फाइल जरा जोरात ठेवली, पंखा आपल्या बाजूचा बंद केला, चहा घ्यायला दुसऱ्यांबरोबर गेल्या, या सगळ्याचा अर्थ आपण दिवसभर लावत बसतो. तुमचा ‘मत्सर’ हा शब्द असाच भरलेला आहे, असं मला वाटतं. ताईंनी तो उच्चारलेला नाही. तो तुमचा आहे.

तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, ‘त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिलं.’ तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. पहिल्या वर्षभरात पोर्टल सारखं अडायचं, रिटर्नच्या तारखा पुन्हा पुन्हा वाढायच्या, आणि अकाउंट्समधली माणसं रात्री उशिरापर्यंत बसून एकेक रिटर्न चढवत होती. तुम्ही तिथे येण्यापूर्वी हे काम ताईंकडे असेल, तर ती सगळी सुरुवातीची धडपड त्यांनी केली आहे. कुठला सप्लायर रिटर्न उशिरा भरतो, कोणाच्या बिलावर जीएसटी नंबर चुकलेला असतो, हे त्या तोंडपाठ सांगत असतील. तेव्हा विचार करा, हे काम त्यांच्याकडून गेलं तेव्हा त्यांना कोणी आणि कसं सांगितलं? साहेबांनी केबिनमध्ये बसवून, ‘तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत, आता भार हलका करतो’ असं म्हटलं, की सगळ्यांसमोर उभ्या उभ्या ‘जरा हिला समजावून द्या’ म्हटलं? तुम्हाला हे ठाऊक नसेल तर पहिलं काम ते माहीत करून घेण्याचं आहे.

हा फरक मी मुद्दाम करते आहे. समोरच्याला मत्सर वाटतो म्हटलं की आपल्या हातात काही उरत नाही, कारण आपण आपली हुशारी किंवा वय कमी करू शकत नाही. पण समोरच्याचा अपमान झाला असेल, आणि तो आपल्या निमित्ताने झाला असेल, तर त्यावर बोलता येतं. कदाचित दोन्ही असेल. तरी बोलण्याची सुरुवात अपमानाच्या बाजूने करा.

‘मॅडम’ या शब्दाकडेही बघा. पूर्वी त्या तुम्हाला ‘अगं’ म्हणत असणार. आपल्याकडे ‘अगं’चं एकदम ‘अहो मॅडम’ झालं की समोरची व्यक्ती आपल्याला घराबाहेर उभं करते. आदरार्थी बोलून दुरावा दाखवणं यासारखं धारदार हत्यार मराठीत दुसरं नाही, आणि त्याबद्दल तक्रारही करता येत नाही. ‘त्या मला मॅडम म्हणतात’ असं साहेबांना सांगून बघा, ते हसतील.

टोमण्याचं असंच आहे. लेकी बोले सुने लागे. बोलणं तिसऱ्याला, लागतं तुम्हाला, आणि विचारलं तर ‘मी तुला कुठे म्हणाले?’ म्हणायची सोय. माणूस असं आडून का बोलतो? ज्याला आपण इंग्रजी वळणाने पॅसिव्ह-अॅग्रेसिव्ह म्हणतो, तो शब्द प्रथम नावारूपाला आला १९४५ मध्ये, अमेरिकेच्या युद्धखात्याच्या एका कागदात. तो सैनिकांबद्दल होता. सैनिकाला हुकूम नाकारता येत नाही. मग काही जण फुगून बसत, काम लांबवत, मुद्दाम ढिलाई करत. तोंडाने ‘नाही’ म्हणायची सोय नसली की ते ‘नाही’ अशा वाटेने बाहेर येतं. ताईंचं बघा. साहेबांवर चिडता येत नाही. तुमच्यावर उघड चिडावं तर तुमचं चुकलेलं काही नाही, हे त्यांनाही कळतं. आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ऑफिसात ‘मला वाईट वाटलं’ म्हणणं फार अवघड आहे. त्यांचं वागणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. बिलं उशिरा देणं तर चूकच आहे. पण त्याचं मूळ कुठे आहे हे कळलं तर आपण काय बोलायचं ते ठरतं.

आता दुर्लक्षाबद्दल. तुम्ही ते समजूतदारपणाने ठरवलं, हे मला पत्रावरून दिसतं. पण क्षणभर ताईंच्या खुर्चीत बसा. तिथून काय दिसतं? काम गेलं, आणि ज्या मुलीला आपण हाताला धरून शिकवलं ती आता आपल्याकडे बघतही नाही. तुमचं दुर्लक्ष आणि त्यांचा अबोला, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

घरातला अबोला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो तिथे मोडतो, कारण मोडायला कोणीतरी असतं. मूल मध्ये येऊन ‘आई, बाबा विचारतायत चहा झाला का’ म्हणतं, सासूबाई दोघांना एकाच ताटाला बसवतात, संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवावाच लागतो. रुसणाऱ्याला ठाऊक असतं की कोणीतरी मनधरणी करायला येईल. ऑफिसात ती माणसंच नाहीत. तिथे रुसलेला माणूस वाट बघत राहतो, दुसरा दुर्लक्ष करत राहतो, आणि महिने जातात. मी स्वतः एका कार्यालयात शेजारच्या बाईंशी पाच महिने न बोलता काढले आहेत. आमच्या दोघींत एक पंचिंग मशीन होतं. ते घ्यायचं असलं की मी त्या उठून जायची वाट बघायचे. इतक्या क्षुल्लक गोष्टीपर्यंत ते येतं. कारण पुढे कळलं. एका बैठकीत साहेबांनी त्यांना प्रश्न विचारला होता आणि उत्तर मी दिलं होतं. मला तर आठवतही नव्हतं.

म्हणून आपल्या बाजूचं दुर्लक्ष उद्यापासून थांबवा. मनधरणी करायला सांगत नाही. सकाळी आल्यावर त्यांच्याकडे बघून ‘ताई, गुड मॉर्निंग’ किंवा तुमच्याकडे जे म्हणतात ते म्हणा, आणि उत्तराची वाट न बघता आपलं काम सुरू करा. निघताना ‘ताई, येते’ म्हणा. दोनदाच, रोज, त्याच आवाजात. पहिले आठ-दहा दिवस उत्तर येणार नाही, असं धरून चाला. उत्तर आलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी सोडून दिलं, तर त्याचा अर्थ ‘बघा, तिलाही बोलायचं नव्हतंच’ असा होतो. त्यापेक्षा सुरू न केलेलं बरं.

दुसरं, काम आणि रुसवा वेगळे करा. बिलांचं काय झालं ते नीट बघू, कारण इथेच तुमची बाजू सगळ्यात पक्की आहे. तुम्ही मासिक रिटर्न भरत असाल तर १४ तारखेला पोर्टलवर टू-बी तयार होतं, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची यादी. २० तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे कर भरण्याचा महिन्याचा रिटर्न, भरायचा. मधल्या सहा दिवसांत तुम्ही टू-बी आणि टॅलीतली खरेदी जुळवता. समजा १,१८,००० रुपयांचं एक बिल आलं आहे, त्यातला कर १८,०००. ते ताईंच्या ट्रेमध्ये पडून राहिलं आणि टॅलीत चढलं नाही. टू-बीत दिसतं, पण हातात बिल नाही म्हणून तुम्ही त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतलं नाही. ते क्रेडिट बुडत नाही, पुढच्या महिन्यात घेता येतं. पण या महिन्यात ते १८,००० कारखान्याला रोखीने भरावे लागतात. हे नुकसान टोमण्यांसारखं नाही, ते आकड्यात आणि तारखेत दाखवता येतं.

म्हणून अबोला असो वा नसो, बिलं वेळेवर येतील अशी वाट बांधा. १४ तारखेला टू-बी उतरवलं की त्याच संध्याकाळी न जुळणाऱ्या बिलांची यादी करा: सप्लायरचं नाव, बिल नंबर, तारीख, रक्कम. ती ताईंना मेल करा, आणि एक प्रत हातात घेऊन त्यांच्या टेबलापाशी जा. म्हणा, “ताई, टू-बीत ही सात बिलं दिसतायत, आपल्याकडे चढलेली नाहीत. १७ तारखेला दुपारपर्यंत बघून सांगाल का? काही आलीच नसतील तर मी सप्लायरला फोन करते.” त्या मान वर करणार नाहीत कदाचित. तरी सांगा, यादी कडेवर न ठेवता समोर ठेवा, आणि परत या. त्या यादीत एक जागा रिकामी सोडा, ‘शेरा’ म्हणून. ज्याला बोलायचं नसतं तो लिहू शकतो. मी असे अबोले पाहिले आहेत जे आधी शेऱ्याच्या रकान्यात मोडले. ‘माल परत’ एवढे दोन शब्द पेन्सिलीने लिहून यादी परत आली, तर ते पहिलं उत्तर समजा.

मेल करताना साहेबांना सीसी करू नका. पहिल्या दोन महिन्यांत तर नाहीच. सीसीत साहेब दिसले की ती यादी राहत नाही, तक्रार होते, आणि ताईंना त्यांच्या मनातल्या गोष्टीचा पुरावा मिळतो.

तिसरं, टोमणा. त्याला हसून घेतलं तर तो चालू राहतो, उलट टोमणा दिला तर सामना सुरू होतो आणि अख्खं ऑफिस प्रेक्षक होतं. गप्प राहिलात तर तो लागला हे कळतं. उपाय एकच मला कामाला आलेला दिसला आहे. आडून आलेल्या गोष्टीला समोरून, सरळ अर्थाने उत्तर द्यायचं. स्टोअर्सचा माणूस येऊन काही विचारतो, ताई म्हणतात, “आम्हाला काय विचारता, आता मॅडम आहेत ना!” तुम्ही खुर्ची वळवा आणि त्या माणसाला म्हणा, “रिटर्नचं असेल तर मी सांगते. जुन्या बिलाचं असेल तर ताईंनाच जास्त माहीत आहे, त्यांनाच विचारा.” हे खरं आहे म्हणून म्हणायचं. खरं नसेल तेव्हा म्हणू नका, खोटी स्तुती टोमण्याहून लवकर ओळखू येते.

आणि कोणी नसताना टोमणा आला तर शांतपणे विचारा, “ताई, हे मला म्हणालात का? काही सांगायचं असेल तर सांगा ना, मी ऐकते.” बहुतेक वेळा उत्तर येईल, “तुला कोण म्हणालं!” त्यावर ‘बरं’ म्हणा आणि मान खाली घालून कामाला लागा. सिद्ध करायला जाऊ नका. टोमणा टिकतो तो मालकी न घेता मारता येतो म्हणून. दर वेळी ‘हे मला म्हणालात का’ असा प्रश्न आला की तो मारणं जड जातं. मात्र हे दिवसातून एकदाच, आणि आवाज खरोखर शांत असेल तेव्हाच. आवाजात धार असेल तर तुमचा प्रश्न हाच टोमणा होतो. ज्या दिवशी राग आला असेल त्या दिवशी उठून पाणी प्यायला जा, उत्तर उद्या द्या.

हे सगळं पंधरा-वीस दिवस केल्यावर मुख्य गोष्ट करायची, म्हणजे एकदा बसून बोलणं. “काय झालं?” हा तुमचा प्रश्न फुकट गेला, कारण त्यात सगळं सांगायचं ओझं त्यांच्यावर होतं. दुखावलेल्या माणसाला आपणच कबुली द्यायची म्हटलं की तोंडातून ‘कुठे काय’ हेच येतं. या वेळी सुरुवात तुम्ही करायची, आणि तीही आपल्या बाजूच्या चुकीपासून.

वेळ नीट निवडा. १४ ते २० मध्ये नको, महिनाअखेरीला नको. २१-२२ तारखेनंतर, रिटर्न भरून झाल्यावर, दोघींचा जीव जरा मोकळा असतो. कॅन्टीन नको, तिथे सगळे बघतात. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा बरोबर चालताना बोलणं सोपं जातं, कारण एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. तुम्ही दोघी संध्याकाळी गेटपर्यंत जातच असाल. सकाळीच सांगून ठेवा, “ताई, आज निघताना दहा मिनिटं तुमच्याबरोबर येऊ का? मला थोडं बोलायचंय.” अचानक गाठू नका.

मग काय बोलायचं? मी त्या पाच महिन्यांच्या शेवटी बोलायला गेले तेव्हा चार तक्रारी पाठ करून गेले होते. पहिलीवरच भांडण झालं. म्हणून एकच प्रसंग, एकच विनंती. साधारण असं: “ताई, जूनमध्ये साहेबांनी रिटर्न माझ्याकडे दिला, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. तुमच्याशी येऊन बोलले नाही. तेव्हाच यायला हवं होतं. तुम्ही इतकी वर्षं ते सांभाळलंत, मला शिकवलंतही तुम्हीच. त्याचं तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मला समजून घ्यायचंय. आपण बोलत नाही त्याचा मला त्रास होतोय.” आणि इथे थांबा. पुढे काही बोलू नका. थांबणं सगळ्यात कठीण आहे, दहा पावलं चालून होईपर्यंत तरी गप्प राहा. आपण घाबरून बोलत सुटतो आणि समोरचा बोलणार असतो ते राहून जातं.

या वाक्यांत काय नाही तेही बघा. ‘तुम्ही टोमणे मारता’ नाही, कारण त्यावर ‘कधी?’ असा वाद सुरू होतो. ‘सगळे म्हणतात’ नाही, कारण मग सगळे म्हणजे कोण, हाच विषय होतो. बिलांचं नाही, ते कामाचं आहे आणि त्याची वाट वेगळी बांधली आहे. आणि ‘काम परत घ्या’ असंही नाही, कारण ते देणं तुमच्या हातात नाही. जे आपल्या हातात नाही त्याची माफी मागू नका. साहेबांच्या निर्णयाबद्दल नाही, तुम्ही येऊन बोलला नाहीत एवढ्याचबद्दल वाईट वाटल्याचं म्हणा, तेही खरंच वाटत असेल तर.

पुढे तीनपैकी काहीतरी होईल. त्या म्हणतील, “छे, तसं काही नाही.” मग आग्रह नको. “बरं ताई. कधी वाटलं तर सांगा, मी आहे,” म्हणून विषय बदला, बसबद्दल बोला, मुलांच्या परीक्षेबद्दल बोला. बोलणं वाया गेलेलं नाही, त्याचा परिणाम चार-सहा दिवसांनी दिसतो. किंवा त्या भडकतील, “आत्ता आठवलं का?” तेव्हा ऐकून घ्या, प्रत्येक मुद्द्याला उत्तर देऊ नका. तीन आठवडे साठलेलं बाहेर येतंय. “हे मला माहीत नव्हतं” एवढंच म्हणा, जर खरंच माहीत नसेल तर. किंवा एखादी भलतीच जुनी गोष्ट निघेल, जिचा रिटर्नशी संबंध नाही. कधीतरी तुम्ही सगळ्यांसमोर त्यांची चूक दाखवली असेल, त्यांच्या घरच्या कार्याला गेला नसाल. तसं निघालं तर मला नवल वाटणार नाही. माझ्या बाबतीत तेच झालं.

मधल्या काळात ऑफिसातल्या तिसऱ्या कोणाजवळ हे बोलू नका. मन मोकळं करायला घरचं माणूस किंवा बाहेरची मैत्रीण बघा. चहाच्या घोळक्यात सांगितलेलं वाक्य संध्याकाळपर्यंत ताईंच्या कानावर जातं, आणि जाताना तिखट होतं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ‘काही माणसं’ अशी सुरुवात असलेलं काही टाकायचा मोह होईल. तो तुमच्या हातचा टोमणा असेल.

सुधारणा कशी ओळखायची? पूर्वीसारखं डबा उघडून बसणं लगेच होणार नाही, कदाचित कधीच होणार नाही, आणि तीच मोजपट्टी लावली तर तुम्ही निराश व्हाल. अबोला आधी कामाच्या बाबतीत मोडतो. एखाद्या दिवशी त्या स्क्रीनकडे बघतच विचारतील, “ते चाकणचं बिल आलं का गं?” त्या ‘गं’कडे लक्ष ठेवा. आणि तेव्हा ‘आज कसं काय बोलावंसं वाटलं!’ म्हणू नका. बिलाचं उत्तर द्या.

आता साहेब. लगेच जाऊ नका, पण कधीच जायचं नाही असंही नाही. दोन महिने, म्हणजे १४ ते २० ची दोन चक्रं, यादी देऊन बघा. दोन्ही वेळा सांगूनही बिलं आली नाहीत तर जा, आणि कागद घेऊन जा: यादी कधी दिली, कधीपर्यंत मागितली, कोणती बिलं राहिली, त्यामुळे किती रक्कम रोखीने भरावी लागली. “ताई माझ्याशी बोलत नाहीत” म्हणालात तर साहेब त्याला बायकांचं भांडण म्हणून बाजूला टाकतील, हे वाईट आहे पण होतं. म्हणा, “सर, खरेदीची बिलं १७ तारखेपर्यंत चढली तर क्रेडिट त्याच महिन्यात मिळेल. तशी एक तारीख तुम्ही ठरवून द्या.” शिक्षा मागू नका, पद्धत मागा. आणि जमलं तर आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला, की हे काम ताईंनी उभं केलंय आणि त्याबद्दल त्यांना कोणी दोन शब्द बोललेलं तुम्ही ऐकलं नाही. ते तुमच्या बोलण्यापेक्षा साहेबांच्या बोलण्याने जास्त भरून येईल.

याच प्रकारच्या त्रासात असलेल्या इतर वाचकांसाठी एक रेघ स्पष्ट आखते. टोमणे कामावरून किंवा मान-अपमानावरून असतील तोवरच हा सल्ला. ते तुमच्या शरीरावर, चारित्र्यावर, लैंगिक अर्थाचे होऊ लागले तर गेटपर्यंत चालत जाऊन समजुतीचं बोलायची गरज नाही. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि महिलेने प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत तिथे लेखी तक्रार करायची असते. जातीवरून बोललं जात असेल तर तेही ऑफिसातलं रुसणं-फुगणं नव्हे. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्ध १९८९ चा कायदा आहे, आणि तिथे तारीख, वेळ, ऐकणारे कोण होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं.

टेबल बदलण्याचं शेवटी सांगते, कारण ते शेवटीच करायचं आहे. आत्ता बदललंत तर बिलं त्यांच्याकडूनच यायची आहेत, फक्त चार फुटांऐवजी चाळीस फुटांवरून, आणि ताईंना दिसेल की मॅडमना आता शेजारही नको झाला. पण रिटर्न भरल्यावर बोललात, दोन चक्रं वाट पाहिली, तारीख ठरली, आणि तरी तुमची झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, तर जरूर मागा. तुमची तब्येत त्या खुर्चीपेक्षा मोठी आहे. तेव्हा कारण म्हणून ताईंचं नाव नको. “जीएसटीच्या फाइली मागच्या कपाटात असतात, मला त्याच्या जवळचं टेबल द्या,” म्हणा. आणि सामान हलवण्याच्या आदल्या दिवशी ताईंना स्वतः जाऊन सांगा. जूनमध्ये राहिलं होतं ते.